‘पण त्याने साधले काय?’

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात टेरेन्स मॅलिक यांचा ‘अ हिडन लाइफ’ हा २०१९ सालचा चित्रपट दाखविण्यात आला. जवळजवळ तीन तासांचा, संथ चालीचा तो चित्रपट लोकांनी शांतपणे पाहिला. नंतर चर्चा झाली. एक सुशिक्षित, नेमाने मिस्सेला येणारे, धर्मग्रामाच्या प्रत्येक कामाला हातभार लावणारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माणूस थोर होता, हे कबूल. पण त्याने साधले काय? युद्ध एक दिवसही लवकर थांबले नाही. त्याच्या जागी दुसऱ्याच्या हाती बंदूक गेलीच. आणि घरी तीन मुली पोरक्या झाल्या. हा हिशेब जुळतो कसा?”

सभागृहात माना डोलल्या. एका तरुणीने प्रतिवाद करण्याचा यत्न केला. ती म्हणाली की, त्याच्या मरणाने पुढे जगभरातील हजारो लोकांना प्रेरणा मिळाली, तेव्हा हिशेब शेवटी जमेचाच आहे. टाळ्या पडल्या, चहा आला आणि आम्ही पांगलो. मी काहीच बोललो नाही. घरी परतताना मात्र वाटत राहिले की, त्या गृहस्थांचा प्रश्न जितका चुकला होता, त्याहून त्या मुलीचे उत्तर अधिक चुकले होते. कारण प्रश्नकर्त्याने मांडलेली वही तिने मुकाट्याने मान्य केली आणि तिच्यात फक्त जमेच्या बाजूला एक मोठा आकडा लिहिला. या वहीविरुद्धच मला आज लिहावयाचे आहे.

प्रथम त्या माणसाविषयी. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातील शेतकरी. जन्म १९०७ सालचा. १९३६ साली फ्रान्झिस्काशी त्याचा विवाह झाला आणि पुढील चार वर्षांत त्यांना तीन मुली झाल्या. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झाले, तेव्हा त्या गावात विरोधी मत देणारा तो एकटाच होता. त्याने लष्करी शिक्षण मात्र घेतले होते. १९४० आणि ४१ मध्ये तो काही महिने सैन्यात होता. म्हणजे तो जन्मजात बंडखोर नव्हता. घरी परतल्यावर तो गावच्या चर्चमध्ये वेदीची सेवा पाहू लागला, वाचू लागला, विचार करू लागला आणि हे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात बंदूक घेणे हे आपल्यासाठी पाप आहे, या निर्णयाशी येऊन ठेपला. १ मार्च १९४३ रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्याने सांगितले की, मी लढणार नाही. रुग्णसेवक म्हणून काम करण्याची तयारी त्याने दाखविली होती. ती कोणी मानली नाही. ६ जुलै रोजी बर्लिनमध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले.

आता त्या वहीकडे वळू. तिचा कर्ता आमचे सभागृहातील गृहस्थ नव्हेत. ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. जेरेमी बेंथॅम यांनी ती इंग्लंडात उघडली आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी ती सुधारून वाढविली. कोणतेही कृत्य योग्य की अयोग्य हे एकाच कसोटीवर ठरवावयाचे: त्यामुळे सर्वांच्या मिळून सुखात किती भर पडते आणि दुःखात किती घट होते. माझे सुख एक गणले जाईल, तुमचेही एकच, राजाचेही एकच. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. आगरकरांच्या पिढीने मिल वाचला होता आणि ‘उपयुक्ततावाद’ हा शब्द मराठीत रुळला. या विचाराने जगाचे भले केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांचे दुःख कोणी मोजतच नव्हते, त्यांचे दुःख तो मोजू लागला. मिल यांनी १८६९ साली स्त्रियांच्या दास्यावर ग्रंथ लिहिला, तो याच वृत्तीतून. सरकारने दवाखाना कोठे उघडावा, लस प्रथम कोणास द्यावी, हे ठरविताना मीही हीच वही मागेन. माझा वाद आहे तो ही वही माणसाच्या अंतःकरणात नेऊन ठेवण्याशी, आणि तीच तेथील एकमेव मालकीण आहे असे मानण्याशी.

हा वाद मी निर्माण केलेला नाही. तो सर्वांत तीक्ष्णपणे मांडला बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने. १९७३ साली केंब्रिजहून एक लहानसे पुस्तक निघाले. त्याच्या पूर्वार्धात जे. जे. सी. स्मार्ट यांनी उपयुक्ततावादाचे मंडन केले आहे आणि उत्तरार्धात विल्यम्स यांनी खंडन. विल्यम्स श्रद्धावंत नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या बाजूने कोणी बोलला की तो आपल्यातलाच, असे समजण्याची आपल्याला हौस असते. ते आपल्यातले नव्हते आणि म्हणूनच त्यांची साक्ष अधिक मोलाची आहे.

त्यांनी दिलेले एक उदाहरण असे. जॉर्ज नावाचा एक तरुण आहे. त्याने रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आहे, परंतु नोकरी मिळत नाही. प्रकृती तोळामासा असल्याने कोणतेही काम पत्करता येत नाही. पत्नी नोकरी करते. घरी लहान मुले, त्यांना सांभाळण्याची ओढाताण, त्यातून येणारा ताण, आणि या सर्वांचा मुलांवर होणारा परिणाम. अशा वेळी एक वडीलधारा रसायनशास्त्रज्ञ त्याला सांगतो की, एका प्रयोगशाळेत बऱ्या पगाराची जागा आहे, मी शब्द टाकतो. प्रयोगशाळेत काम चालते ते रासायनिक आणि जैविक युद्धाच्या संशोधनाचे. जॉर्ज म्हणतो, मला हे जमणार नाही, माझा अशा युद्धालाच विरोध आहे. वडीलधारा उत्तरतो: मलाही ते आवडते असे नाही. पण तुझ्या नकाराने ना ती जागा नाहीशी होणार, ना ती प्रयोगशाळा. इतकेच नव्हे, तू नाही म्हणालास तर ती जागा कोणाला मिळेल हे मला ठाऊक आहे. तुझ्याच बरोबरीचा एक जण आहे. त्याला असले विधिनिषेध नाहीत. तो ते संशोधन हिरिरीने पुढे नेईल. खरे सांगायचे तर त्याच्या त्या अति उत्साहाची धास्ती वाटते, म्हणूनही मी तुझ्याकडे आलो. जॉर्जचे पत्नीवर अपार प्रेम आहे, आणि तिलाही या संशोधनात तसे काही वावगे वाटत नाही.

आता वही उघडा. जॉर्जने होकार दिला तर घरात पैसा येतो, पत्नीचा ताण हलका होतो, मुलांना स्वास्थ्य लाभते, आणि त्या घातक संशोधनाची गतीही मंदावते, कारण जॉर्ज ते जीव ओतून करणार नाही. नकार दिला तर यातले काहीच होत नाही. उलट जगात थोडे अधिक विष तयार होते. खर्चाच्या बाजूला एकच नोंद राहते ती जॉर्जच्या मनाच्या टोचणीची. उपयुक्ततावादी ती नोंदही प्रामाणिकपणे करतो आणि मग बेरीज करून सांगतो की, जॉर्जने नोकरी घ्यावी. विल्यम्स यांची पहिली हरकत हीच आहे की, या मताप्रमाणे ही गोष्ट नुसती बरोबर ठरत नाही, ती उघड उघड बरोबर ठरते. त्यात विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

ती टोचणीची नोंद क्षणभर नीट पाहू या, कारण सारे मर्म तेथे आहे. जॉर्जला वाटणारा तिटकारा या वहीत कोणत्या रूपाने येतो? दातदुखी जशी येईल तसा. एक अप्रिय संवेदना, इतक्या वजनाची, इतके दिवस टिकणारी. परंतु जॉर्जला स्वतःला तो तिटकारा तसा वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तो या कामात जे वाईट आहे त्याचे दर्शन आहे. आणि बेरीज नोकरीच्या बाजूने आली की उपयुक्ततावादाच्या मते त्या कामात जॉर्जने करण्यासारखे वाईट असे काही उरत नाही. मग तो तिटकारा म्हणजे एक निराधार हळवेपणा, एक सवय, जी शक्य तर घालवून टाकावी. म्हणजे पाहा, जॉर्जने स्वतःकडे या वहीच्या डोळ्यांनी पाहिले की, ज्या श्रद्धेवर तो आजवर जगला ती त्याची स्वतःची श्रद्धा राहत नाही. ती त्याच्या आत पडलेली एक अडगळ होते. तिची किंमत द्यावयाची, पण तिचे म्हणणे ऐकावयाचे नाही. माणूस स्वतःपासून दुरावतो तो असा.

हे होते कशामुळे? विल्यम्स त्याचे मूळ जबाबदारीच्या एका कल्पनेत दाखवितात. उपयुक्ततावादाला केवळ जगाची शेवटची स्थिती दिसते. ती स्थिती मी घडविली, की मी थांबविली नाही म्हणून दुसऱ्याने घडविली, हा भेद त्याच्या लेखी गौण आहे. मी जे करतो त्याला मी जितका जबाबदार, तितकाच मी जे थोपवीत नाही त्यालाही. ऐकायला हे उदात्त वाटते. पण परिणाम काय होतो? त्या दुसऱ्या उत्साही रसायनशास्त्रज्ञाने काय करावयाचे ठरविले आहे, त्यावरून जॉर्जने काय करावे हे ठरते. तो दुसरा जितका निर्दय, तितके जॉर्जचे कर्तव्य अधिक पक्के. दुष्टाने आपला बेत जाहीर करावा आणि सज्जनाने त्या बेतातील आपली जागा निमूटपणे घ्यावी. माझा जीवनसंकल्प, माझी बांधिलकी ही इतर हजारो इच्छांच्या गर्दीतील एक इच्छा होते, आणि इतरांच्या इच्छांची बेरीज आली की तिने वाट सोडून उभे राहावयाचे. मी कर्ता राहत नाही. इतरांचे हेतू ज्यातून वाहत जातात असा एक पाट होतो.

विल्यम्स यांनी या आक्षेपासाठी वापरलेल्या शब्दाचा मराठीत सहसा ‘सचोटी’ असा अनुवाद होतो. तो मला अपुरा वाटतो. सचोटी म्हटली की आपल्यासमोर दुकानदाराचा तराजू येतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे न तुटलेले, अखंड. लहानपणी पाठ केलेल्या गणितात पूर्णांक असतो, त्याच घराण्यातला हा शब्द. माणसाच्या श्रद्धा, त्याचे निर्णय आणि त्याचे हात यांच्यामध्ये भेग नसणे, ही ती अखंडता.

आता मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडावयाचे आहे. आपल्यातील पुष्कळांना वाटेल की हे तर आपण आधीच जाणतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ६ ऑगस्ट १९९३ रोजीच्या आपल्या विश्वपत्रात परिणामवादाचा नावानिशी समाचार घेतला आहे. काही कृत्ये स्वभावतःच दुष्ट असतात आणि कोणत्याही सुपरिणामाने ती शुद्ध होत नाहीत, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा विल्यम्स हवेत कशाला? पण या दोन गोष्टी एक नाहीत. निरपराध माणसाला ठार मारणे हे निषिद्ध कृत्य आहे, हे विश्वपत्र सांगते. जॉर्जपुढे मात्र असे कृत्य नाही. त्याच्यापुढे एक नोकरी आहे, एक टेबल आहे, काही परीक्षानळ्या आहेत आणि महिनाअखेरचा पगार आहे. आपल्या नीतिशास्त्राने अशा प्रसंगांसाठी परपापातील सहभागाचा बारीक विचार केलेला आहे. सहभाग मनाने आहे की केवळ हाताने, जवळचा आहे की दूरचा, असे प्रश्न पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना शिकविले जातात. परंतु त्यातूनही जॉर्जला नेमके उत्तर मिळेलच असे नाही. एखादा दयाळू धर्मगुरू त्याला ‘घे बाबा, मुलांकडे पाहा’ असेच सांगेल. विल्यम्स यांचा आक्षेप येथेही लागू पडतो: प्रश्न कृत्याच्या जातीचा तर आहेच, पण हे कृत्य या माणसाच्या आयुष्यात काय मोडील, याचाही आहे.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. अखंडता म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याची चैन, असे विल्यम्स म्हणत नाहीत. त्यांचे दुसरे उदाहरण याचा पुरावा आहे. जिम हा वनस्पतींच्या शोधात दक्षिण अमेरिकेत हिंडणारा प्रवासी एका लहान गावाच्या चौकात येऊन पोहोचतो. तेथे वीस आदिवासी भिंतीशी बांधून उभे केलेले आहेत. सरकारविरुद्ध निदर्शने झाली म्हणून जरब बसविण्यासाठी सरसकट पकडून आणलेली माणसे ती. सैनिकांचा कप्तान परदेशी पाहुण्याचा मान म्हणून जिमला सांगतो की, तू एकाला स्वतःच्या हाताने गोळी घाल, म्हणजे बाकीचे एकोणीस सोडून देतो. नाहीतर सगळेच मरतील. भिंतीशी उभे असलेले लोक आणि गावकरी जिमला विनवीत आहेत की, हे स्वीकार. विल्यम्स यांना स्वतःला वाटते की, जॉर्जने नोकरी नाकारणे बरोबर ठरेल, पण जिमच्या बाबतीत उपयुक्ततावादाचे उत्तर बहुधा बरोबरच असावे. आपली शिकवण मानणारा मी येथे त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. बांधलेल्या निरपराधाला गोळी घालण्याचा अधिकार मला एकोणीस जणांच्या नावानेही मिळत नाही, असे मी मानतो आणि हे लिहिताना माझा हात कापतो. जे एकोणीस जण विनवीत आहेत त्यांच्या डोळ्यांत पाहून हे म्हणणे सोपे नाही. आपल्या प्रवचनांत ते फार सोपे वाटते. परंतु विल्यम्स यांचा मुद्दा उत्तराच्या अलीकडचा आहे. गोळी घालावी असे ठरले तरी ते वीस वजा एक अशा वजाबाकीने ठरू शकत नाही. वजाबाकी झाली, संपले, असे ज्याला वाटेल त्याला जिमच्या हातात काय दिले जात आहे हे कळलेच नाही. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर हे विसरू नये की, सर्व लोकांसाठी एका माणसाने मरणे सोयीचे आहे हा हिशेब प्रथम प्रभूच्याच संदर्भात मांडला गेला. मांडणारा कैफा होता.

उपयुक्ततावाद्यांजवळ याला उत्तर नाही असे नव्हे. त्यातले सर्वांत चतुर उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर रेल्टन यांनी १९८४ साली दिले. त्यांच्या उदाहरणातील हुआन आणि त्याची पत्नी लिंडा नोकरीमुळे दोन शहरांत राहतात. एका आठवड्यात ती खिन्न वाटते म्हणून ठरलेल्या दिवसाआधीच तिला भेटायला जावे की त्या प्रवासाचा पैसा दूरच्या खेड्यात विहीर खणण्यासाठी द्यावा? नुसता हिशेब केला तर विहीर जिंकते. रेल्टन म्हणतात की, शहाणा परिणामवादी क्षणोक्षणी हिशेब करीत बसत नाही. माणसे मनापासून प्रेम करणारी, दिलेला शब्द पाळणारी असली तर एकंदरीने जगाचे भलेच होते, हे तो जाणतो. म्हणून तो स्वतःला तसा माणूस होऊ देतो आणि लिंडाकडे जातो. त्या एका खेपेपुरता हिशेब तोट्याचा असला तरी चालेल.

उत्तर सुंदर आहे. पुष्कळ अंशी खरेही आहे. पण मला त्यात भाडेपट्टा दिसतो. हुआनचे प्रेम त्याच्या घरात राहते खरे, पण घराचा मालक दुसराच आहे. भाडे वेळेवर येत आहे तोवर मालक दारावर थाप मारीत नाही, एवढेच. उद्या परिस्थिती पालटली आणि प्रेमळ माणसांपेक्षा हिशेबी माणसांनी जगाचे अधिक भले होते असे दिसून आले, तर शहाण्या परिणामवाद्याने आपला स्वभावच बदलावयास हवा. आणि हे हुआनला ठाऊक आहे. विवाहाच्या वेदीसमोर आपण जे वचन देतो ते सुखात आणि दुःखात असे देतो. ‘जोवर असा स्वभाव ठेवणे एकंदरीने हितकारक आहे तोवर’ हे शब्द त्यात कोणी घातले, तर फादर विवाहविधी तेथेच थांबवतील.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे आणि तो मी टाळणार नाही. बांधिलकी खलाचीही असते. ज्यांनी फ्रान्झला शिक्षा दिली त्यांच्यातही आपल्या शपथेला जागणारे, मनात भेग नसलेले लोक असतील. त्यांच्या अखंडतेला आपण काय म्हणावे? माझे उत्तर असे की, अखंडतेने कोणतीही श्रद्धा खरी ठरत नाही. तसा दावा विल्यम्स यांचा नाही, माझाही नाही. श्रद्धा चुकलेली असेल तर ती चुकलेली आहे हे त्या माणसाला पटले पाहिजे, त्याने पश्चात्तापाने ती टाकली पाहिजे. बेरीज दुसरीकडे गेली म्हणून त्याने ती बाजूस ठेवणे हा पश्चात्ताप नव्हे. फ्रान्झने हेच केले. १९४० मध्ये तो गणवेश चढवून गेला होता. पुढे त्याने आपले मत बदलले ते युद्धाकडे, आपल्या धर्माकडे, स्वतःच्या हातांकडे पाहून. आणि येथेच विल्यम्स यांची नि माझी वाट वेगळी होते. ते माणसाच्या खोलवरच्या संकल्पांना ‘त्याचे स्वतःचे’ म्हणून थांबतात. फ्रान्झला विचारले असते तर तो म्हणाला असता की, हे माझे नाही, हे माझ्याकडे मागितले गेले आहे. प्रभूने तर आईबापांहून आणि मुलाबाळांहून अधिक प्रेम मागितले आहे. मग उपयुक्ततावाद मागतो तसेच, किंबहुना अधिकच, आपला धर्म मागत नाही काय? मागतो. परंतु तो नाव घेऊन मागतो. मागणीला होय म्हणणारा किंवा पाठ फिरवून खिन्नपणे निघून जाणारा असा कोणीतरी एक तेथे लागतो. वहीला कोणी लागत नाही. जॉर्जच्या जागी दुसरा कोणी असला तरी तिची बेरीज होते.

आता पुन्हा सभागृहातील प्रश्नाकडे. तो प्रश्न फ्रान्झला नवा नव्हता. हे चित्रपटात दिसते, पण आपण ते दृश्य सौंदर्यात हरवून बसतो. गावकऱ्यांनी, नातलगांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा हेच ऐकविले. लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांना तो स्वतः जाऊन भेटला होता. बिशपांनी त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण दिली. नकार मागे घे, म्हणून तुरुंगातही आर्जवे झाली. जॉर्जपुढचे सारे युक्तिवाद येथे एकेक करून हजर आहेत: तुझ्या नकाराने युद्ध थांबणार नाही, तुझी जागा दुसरा घेईल, घरच्यांचे हाल होतील. त्यातला एकही खोटा नव्हता. म्हणूनच तर हे उदाहरण घ्यावयाचे. प्रत्येक आकडा बरोबर असून बेरीज त्याच्याविषयी काहीच सांगत नव्हती. त्याला विचारले गेले होते ते इतकेच की, तू हे करशील काय? आणि सगळे जण उत्तर देत होते ते एका वेगळ्याच प्रश्नाचे, की त्याने केले नाही तर काय काय होईल?

आणि त्या मुलीची प्रेरणा? १९४३ च्या ऑगस्टमध्ये तिचा मागमूस नव्हता. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्याच्याविषयीचा लेख आपल्या धर्मप्रांताच्या पत्रात छापू देण्यास खुद्द बिशप फ्लीसर यांनी नकार दिला. गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे पुस्तक १९६४ साली निघेपर्यंत गावाबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते. झान यांना त्या शेतकऱ्याचा पत्ता लागला नसता तर? तर त्या मुलीच्या वहीप्रमाणे फ्रान्झ चुकला असता. एका संशोधकाला कागद सापडला की नाही, यावर १९४३ मधील एका माणसाच्या सद्‌सद्‌विवेकाची योग्यता ठरते, असे मानावयास मी तयार नाही.

किंमत मात्र खरी होती. ती फ्रान्झच्या नावे लिहून मोकळे होणे अन्यायाचे आहे, कारण तिचा मोठा भाग फ्रान्झिस्काने भरला. शेत तिने ओढले, मुली तिने वाढविल्या. गावात तिच्या नवऱ्याच्या हट्टाचा दोष तिच्या माथी मारण्यात आला. युद्धात मेलेल्यांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले. सुरुवातीला तिनेही इतरांप्रमाणे त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला होता. हिशेब विचारण्याचा हक्क कोणाला असेल तर तो तिला होता, आमच्या सभागृहाला नव्हे. नंतर मात्र ती त्याच्या बाजूने उभी राहिली, आणि पुढे कारण विचारले असता तिने एवढेच सांगितले की, मीही उभी राहिले नसते तर त्याला कोणीच नव्हते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लिंझच्या कॅथीड्रलमध्ये तो धन्यवादित घोषित झाला, तेव्हा ती ९४ वर्षांची होती. त्याचे अवशेष वेदीकडे नेले जात असताना तिने ओठ टेकवून त्यांचे चुंबन घेतले.